उन्हाळी कपडे, एक नग

आमच्या गावात बाईला तिच्या नावानं कुणी हाक मारत नाही, माहेरच्या गावानं मारतात. म्हणून मेंग बुनऱ्ये हे या म्हातारीचं नाव मला पहिल्यांदा कळलं ते पार्सलच्या पावतीवर लिहिताना. गावाला ती सुंगजूवाली. मी तिला आजी म्हणत असे. ती मला हेजूची आई म्हणायची, माझी हेजू तेवीस वर्षांची होऊन सोलला नोकरीला गेली तरी.

माझं दुकान बियाणं, खत आणि रबरी हातमोज्यांचं. नऊ वर्षांपूर्वी खताची विक्री बसली तेव्हा मी दाराशी एक टेबल टाकून पार्सल घ्यायला सुरुवात केली, आणि आता खरं सांगायचं तर दुकान त्या टेबलावरच उभं आहे. गावात म्हातारी माणसं उरली आहेत. त्यांची मुलं शहरात, आणि मुलांपर्यंत पोचायचा रस्ता म्हणजे माझं टेबल. किमची, लसूण, तिळाचं तेल, वाळवलेल्या मिरच्या. मी वजन करते, पावती छापते, चार वाजता बोसंगहून पार्सल कंपनीच्या यॉम साहेबांची गाडी येते आणि सगळं घेऊन जाते. पावतीवर वस्तूचं नाव विचारतात, किंमत विचारतात. म्हातारी माणसं काय किंमत सांगणार? "काही नाही गं, घरचंच आहे," म्हणतात. मग मी तीस हजार वॉन टाकून मोकळी होते. पाच लाखांच्या वर किंमत लिहिली की जादा भाडं लागतं, आणि रकाना रिकामा सोडला की मशीन कुरकुर करतं. नऊ वर्षं मी सगळ्यांच्या घरचं तीस हजारांचं करून पाठवत आले आणि किमतीवरून कधी काही बिघडलं नाही.

सुंगजूवाली तागाचं कापड विणायची. आमच्या खोऱ्यात पूर्वी घरोघर माग होते, आता तिचा एकच. तागाच्या साली ती दातांनी फाडायची, इतकी वर्षं की पुढच्या दोन दातांत खाच पडली होती. धागा मांडीवर वळायची, तिथली कातडी काळी आणि गुळगुळीत झाली होती. मी एकदा म्हटलं, आता मशीनचा ताग मिळतो की चीनचा. ती म्हणाली, "मिळतो की. घे तू. मेल्यावर खाजव."

तिच्यात असा खवटपणा होता आणि मला तो आवडायचा. माझाही स्वभाव काही साखरेचा नाही.

तिला एक बहीण होती, सहा वर्षांनी मोठी, इंचनला. या म्हातारीच्या बोलण्यात दुसरं माणूसच नसायचं. ताईनं मला पाठीवर बांधून वाढवलं, ताईनं सूतगिरणीत रात्रपाळ्या करून माझं लग्न लावलं. त्यांची आई दुष्काळाच्या वर्षी गेली. घरात कापडाचा तुकडा नव्हता, तेव्हा तिला भाताच्या पेंढ्याच्या चटईत गुंडाळून पुरली. ताई चौदा वर्षांची, ही आठची. टेकडीवरून उतरताना ताई म्हणाली होती, आपण दोघी तरी घरी विणलेल्या कापडात जाऊ. सत्तर-बाहत्तर वर्षं झाली त्या गोष्टीला. सुंगजूवालीनं स्वतःचा मेल्यावर घालायचा जोड सोळा वर्षांपूर्वीच्या अधिक महिन्यात शिवून कपाटात ठेवला होता. ताईचा राहिला होता. ताईची सून म्हणायची, हल्ली दवाखान्यातच सगळं तयार मिळतं, कशाला त्रास. तो 'कशाला' ऐकून म्हातारी पुष्कळ दिवस गप्प बसली. मग या वर्षी ताईनं अंथरूण धरलं, आणि उन्हाळ्यात अधिक सहावा महिना आला.

हे कपडे अधिक महिन्यातच शिवायचे. तो महिना कुणाच्या हिशेबात नसतो, देवसुद्धा तेव्हा नजर टाकत नाहीत, म्हणून तेव्हा शिवलं की माणसाला धोका नाही, उलट आयुष्य वाढतं. दोऱ्याला गाठ मारायची नाही, म्हणजे जाणाऱ्याचं काही अडकून राहत नाही. टाका मागे घ्यायचा नाही. त्या गरमीत तिनं दार लावून, पंखा बंद ठेवून, चोवीस दिवस शिवलं. पंख्यानं कापड हलतं म्हणे.

महिना संपायला दोन दिवस असताना, गुरुवारी, ती बॉक्स घेऊन दुकानात आली. सफरचंदाचा जुना बॉक्स, आत पांढऱ्या कागदात गुंडाळलेलं, वरून दोरी.

"शनिवारी पोचेल ना? ताईच्या हातात पडलं की तिला बरं वाटेल," ती म्हणाली. "तिनं हात फिरवून बघायला हवं. डोळ्यांना दिसत नाही तिला आता."

"पोचेल. आत काय लिहू?"

मला माहीत होतं आत काय आहे. सगळ्या गावाला माहीत होतं.

"ते नाव नको लिहूया, आजी," मीच म्हटलं. "सकाळी गाडी भरताना ड्रायव्हरनं 'कफन' वाचलं तर तो बॉक्स कुठल्या कोपऱ्यात टाकेल सांगता येत नाही. दिवसाची पहिली खेप तीच लागली तर घेऊनच जाणार नाही. तागाचेच आहेत, उन्हाळी कपडे लिहिते."

"लिही. खोटं कुठं आहे? ताईसुद्धा उन्हाळ्यातच चाललीय."

"किंमत?"

"किंमत काय लिहिणार. चिंधी आहे घरची."

मी लिहिलं: उन्हाळी कपडे, एक नग, तीस हजार वॉन. तिला पावतीची प्रत दिली. किंमत कमी लिहिली तर वस्तू हरवल्यावर तेवढेच मिळतात, जास्त लिहून जादा भाडं भरायची सोय आहे, हे मला तिला सांगायला हवं होतं. नियमच आहे तसा. तो टेबलाच्या काचेखाली छापून लावलेला आहे, त्याच्यावर मी वजनकाटा ठेवते.

शनिवारी पार्सल पोचलं नाही. सोमवारी म्हातारी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर बसलेली.

मी पावतीवरचे बारा आकडे मशीनमध्ये टाकले. गुरुवारी दुपारी चार दहाला दुकानातून उचललं. संध्याकाळी सात वाजता बोसंगहून सुटलं. शुक्रवारी पहाटे दोन वाजून अकरा मिनिटांनी देजनजवळच्या हबमध्ये उतरलं. त्यानंतर काही नाही. रोज देशभराची पार्सलं तिथे पट्ट्यावरून धावतात आणि आपापल्या गाडीत पडतात. आत गेल्याची नोंद आहे आणि बाहेर पडल्याची नाही, म्हणजे बॉक्स इमारतीतच कुठेतरी आहे. बहुतेक वेळा असं झालं की पावती फाटलेली असते.

बुधवारी मी तिच्या वतीनं दावा भरला. यॉम साहेब गाडी भरून झाल्यावर टेबलाशी उभे राहून फॉर्म वाचत होते. माणूस वाईट नाही, पण दिवसातून इतक्या हरवलेल्या वस्तू ऐकतो की कान बधिर झालेत. म्हातारी खताच्या पोत्यावर बसली होती.

"पार्सल क्रमांक आहे, शेवटची नोंद आहे, जाहीर किंमत तीस हजार. बरं," ते म्हणाले. "मागितलेली भरपाई हा रकाना रिकामा का?"

"त्यांना पैसे नकोत. वस्तू हवी."

"मालकीणबाई, फॉर्मला वस्तू समजत नाही, आकडा समजतो. आकडा नसला की वरचे लोक परत पाठवतात. आजी, कपडे केवढ्याचे होते?"

म्हातारीनं विचार केला. "दोन हिवाळे आणि एक उन्हाळा."

यॉम साहेब हसले नाहीत हे त्यांचं चांगलं. "विकत घेतल्याची पावती?"

"मीच विणलं. मी मला कशाची पावती देणार बाबा?"

त्यांनी मला बाजूला घेतलं. पावतीवर किमतीचा रकाना रिकामा ठेवला असता तर पुरावा दाखवून पाच लाखांपर्यंत मागता आलं असतं, आता आपणच तीस हजार लिहिलेत, तर तीस हजार आणि पाठवणीचं भाडं, बस. कागद पोचले की तीस दिवसांच्या आत मिळतील. "आणि वस्तूच हवी असेल तर एक मार्ग आहे," ते म्हणाले. "पावती फाटलेले बॉक्स हबमध्ये उघडतात, फोटो काढतात, आत काय आहे ते लिहून यादीत टाकतात. शब्द टाकून शोधायचं. मी रोज बघत जाईन. काय होतं नक्की?"

इथे मी बोलायला हवं होतं.

पण त्याच दमात ते पुढे म्हणाले, "फक्त जे लिहिलंय तेच असू दे हं. परवा एकीनं लोणचं म्हणून दारू पाठवलेली निघाली. खोटी वस्तू निघाली की भरपाई रद्द, आणि तुमच्या नावावर या वर्षी तीन तक्रारी आधीच आहेत. चौथी लागली तर वरचे लोक टेबल उचलायला सांगतील. मला आवडणार नाही ते."

"उन्हाळी कपडे," मी म्हटलं. "तागाचे."

मागितलेली भरपाई: तीस हजार, अधिक भाडं. मी आकडा टाकला, म्हातारीनं खाली सहीऐवजी अंगठ्याएवढं शिक्क्याचं गोल ठसवलं.

मग रोज चारची वाट बघणं सुरू झालं. यॉम साहेब गाडीतून उतरतानाच मोबाइल पुढे करायचे. यादीत 'उन्हाळी कपडे' टाकलं की अकरा फोटो यायचे. मुलांच्या चड्ड्या, फुलाफुलांचे फ्रॉक, एक पोहायचा पोशाख. 'ताग' टाकलं की पिशव्या. म्हातारी चष्मा लावून प्रत्येक फोटो बघायची आणि मान हलवायची. पोहायचा पोशाख बघून म्हणाली, "हा पाठव ताईला. जाईल पोहत."

ती परत जाताना मी तिच्या पिशवीत काहीतरी कोंबायची, भोपळा, साबण. मी स्वतःला सांगत होते की वस्तू असेल तर फोटोत दिसेलच, शब्दानं काय होतंय. रात्री अंथरुणात तोच विचार यायचा आणि मी कूस बदलायची. मला कळत होतं. मी भोळी होते असं कुणी उगाच समजू नये. देजनला ज्या माणसानं तो बॉक्स उघडला असेल, पांढरा कागद सोडला असेल, बिनगाठीचे बंद, हात बांधायच्या पट्ट्या आणि चेहऱ्यावर टाकायचं कापड बघितलं असेल, तो काय उन्हाळी कपडे लिहिणार होता? पण टेबल गेलं असतं तर दुकान गेलं असतं. हेजूच्या खोलीचं भाडं मीच भरते. नऊ दिवस मी हे दोन्ही मनात धरून बसले आणि तोंडातून शब्द काढला नाही. सातव्या की आठव्या दिवशी म्हातारी म्हणाली, "हेजूची आई, तू माझ्यापेक्षा जास्त काळजी करतेस. वाळलीस बघ." मी खतावरची धूळ झाडत राहिले.

त्याच्या पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी सकाळी ती आली तेव्हा पांढरा घागरा आणि काळा ब्लाऊज घातला होता, केस चापून बांधलेले. हातात गाठोडं. चार वाजायला अजून सात तास होते.

"ताई काल संध्याकाळी गेली," ती म्हणाली. "साडेनऊच्या बसनं चाललेय. आज चारला तिला कपडे चढवणार."

गाठोड्याचा रेशमी रुमाल मी ओळखला. त्यात तिचा स्वतःचा जोड होता, सोळा वर्षांपूर्वीचा.

"आजी, हे तुमचं..."

"मग काय करू? सून दवाखान्यातलं विकतचं आणवतेय. चीनचं. नायलॉन असतं त्यात, जळतसुद्धा नाही नीट." तिनं गाठोडं दुसऱ्या हातात घेतलं. "आखूड होईल. ताई माझ्यापेक्षा वीतभर उंच. पण आमच्या बोलण्याप्रमाणे होईल. तुझं ते सापडलं तर ठेव, मी आले की बघू."

बस गेली. धूळ खाली बसायच्या आत मी यॉम साहेबांना फोन लावला.

"यादीत कफन टाकून बघा."

"काय टाकू?"

"कफन. मी खोटं लिहिलं होतं. टाका तुम्ही, मग काय ते बोला."

मोजून चार मिनिटांनी फोटो आला. सफरचंदाच्या बॉक्सचं झाकण, पांढरा कागद, घड्या जशाच्या तशा. खाली लिहिलेलं: कफन, एक जोड, हाती विणलेलं, पावती नाही. तारीख होती बावीस ऑगस्ट, पहाटे पाच. म्हणजे हरवल्यापासून तीन तासांत त्यांनी ते उघडून, नाव लिहून, नीट बांधून फळीवर ठेवलं होतं. कुणा भल्या माणसानं फोटोच्या खाली आणखी एक ओळ टाकली होती: लवकर शोधावे, घरचे वाट बघत असतील.

ती ओळ वाचून मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि मागे जाऊन रडले.

मी म्हटलं, मी गाडी घेऊन देजनला जाते, तिथून इंचन. यॉम साहेबांनी वर विचारलं. दावा चालू असलेली वस्तू दावा मागे घेतल्याच्या सहीशिवाय सोडत नाहीत. सही करणारी बसमध्ये होती, आणि तिच्याकडे मोबाइल नव्हता. तिच्या भाच्याचा, ताईच्या मुलाचा, नंबर पावतीवर होता. मी तीनदा लावला. अंत्यविधीच्या घरात कोण फोन उचलतं? चार वाजले. मी घड्याळाकडे बघतच उभी होते.

बॉक्स सोमवारच्या गाडीनं आला. मंगळवारी ती आली. मी तिला आतल्या खोलीत, जमिनीवर बसवलं, बार्लीचं पाणी दिलं. ती चार दिवसांत निम्मी झाल्यासारखी दिसत होती.

"झालं सगळं नीट," ती म्हणाली. "बाही इथवर आली." तिनं मनगटाच्या वर चार बोटं दाखवली. "सून म्हणाली, हाताच्या पट्ट्या आहेत ना, झाकलं जाईल. झाकलं गेलं."

दावा मागे घेण्याचा कागद मी तिच्यापुढे ठेवला. वस्तू मिळाली, भरपाई नको, असा. त्यावर हबनं वस्तूचं नाव पुन्हा छापलं होतं. ती बोट ठेवून, अक्षर अक्षर लावून वाचते. बोट त्या शब्दाशी थांबलं.

"हे बरोबर लिहिलंय," ती म्हणाली. "कधी लिहिलं?"

"त्याच रात्री."

"त्यांना माहीत होतं काय आहे ते."

"हो."

"मग आपल्याला का नाही सापडलं?"

आता लपवायला काही उरलं नव्हतं. मी सांगितलं. शब्द टाकून शोधतात ते, यॉम साहेब काय म्हणाले ते, टेबलाचं, नऊ दिवसांचं. एकदाही थांबले नाही, थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. बाहेर कुणीतरी मिरचीच्या रोपांसाठी हाका मारत होतं, मी उठले नाही.

"मी रोज इथे बसून होते," ती म्हणाली. "पोत्यावर. तू मला भोपळा दिलास."

"हो आजी."

"मला नुसतं विचारलं असतंस. मी म्हटलं असतं, लिही. मला कसली लाज, मीच शिवलंय ते." तिनं शिक्का काढला, त्यावर तोंडाची वाफ सोडली आणि कागदावर दाबला. जोरात नाही, नेहमीसारखाच.

मग तिनं बॉक्सची दोरी सोडली. अंगरखा बाहेर काढून उभ्यानं स्वतःला लावून बघितला. तो जमिनीवर वीतभर लोळला, बाह्या हातांवरून खाली लोंबल्या.

"मी कापून देऊ का?" मी विचारलं. माझ्या तोंडून काय निघतंय ते मलाच कळत नव्हतं.

"आता कात्री लावता येत नाही. महिना संपला." ती घड्या घालू लागली, जशा होत्या तशाच. "पुढचा अधिक कधी आहे, बघ तुझ्या त्या मशीनमध्ये."

मी बघितलं. "तीन वर्षांनी. पाचवा."

"तीन वर्षं," ती म्हणाली. "आता ताई नाही, अन् वर तीन वर्षं थांबायचं."

तिनं बॉक्स उचलला. मी दारापर्यंत गेले. तिनं मला पार्सलचं भाडं परत मागितलं, सात हजार वॉन, आणि मी दिले. ते तिचेच होते.

गेल्या हिवाळ्यात तिनं भाच्याला लसूण पाठवला म्हणे. माझं टेबल अजून आहे, यॉम साहेबांनी वर काही कळवलं नाही. लसूण तिनं पलीकडच्या गावच्या पोस्टातून पाठवला, डोक्यावर घेऊन, चार किलोमीटर चालत. मी आता प्रत्येकाला विचारते, आत काय आहे, खरं सांगा, केवढ्याचं आहे. वजनकाटाही हलवलाय, नियम वाचता येतो. म्हातारी माणसं वैतागतात, म्हणतात, काही नाही गं, घरचंच आहे.